धुतलेल्या नळ्या

रुग्णाच्या नातेवाईकांवर ओरडायची मला जुनी खोड आहे. अठ्ठावीस वर्षं मी सिस्टरची नोकरी करते आहे, त्यातली शेवटची नऊ खामगाव तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक मला सोडून दवाखान्याला धरतील, आणि जे झालं ते माझ्या हातानं झालं. माझं तोंड फाटकं आहे हे आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. हात मात्र स्वच्छ, असं मी स्वतःच सांगत फिरायची.

त्या दिवशी पोळा होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. एक तिशीतला माणूस शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बायकोला मधे धरून घेऊन आला. कपाशीत निंदताना तिच्या घोट्याजवळ काहीतरी चावलं होतं. तिनं फक्त गवतात शिरणारी शेपटी पाहिली होती. घोट्यावर दोन टिपके होते, जरासा लालपणा, नावाला सूज. तिला कुठं देवाला नेलं नव्हतं, पायाला करकचून काही बांधलं नव्हतं, चावल्यापासून पाऊण तासात सरळ दवाखान्यात आणलं होतं. त्यामुळं ओरडायला मला काही सापडलं नाही.

"सिस्टर, तिले काई होनार तर नाही ना?" नवरा विचारत होता. तिच्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता.

"आधी रक्त पाहू दे," मी म्हटलं. "वीस मिनिटं थांब. तोवर माह्या डोक्याशी बोलू नको."

सापाच्या केसमध्ये आमच्याकडं पहिलं काम हेच असतं. घोणस किंवा फुरसं चावलं तर त्याचं विष रक्त गोठवणाऱ्या द्रव्यांवर घाला घालतं. रक्तात जागोजागी निरुपयोगी बारीक गुठळ्या करून ती द्रव्यं संपवून टाकतं. दह्यासाठी राखलेलं विरजण कोणी भलतीकडंच शिंपडून संपवावं, तसं. मग खरी जखम झाली की गोठायला काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, कधी मेंदूतही रक्त वाहतं. हे डोळ्यांनी दिसायच्या आधी ओळखायचं असेल तर साधा उपाय आहे. शिरेतलं दोन मिली ताजं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घालायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही, आणि वीस मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त गोठून जागेवर बसलं तर सध्या प्रतिविष नाही, पण लक्ष ठेवायचं आणि पुन्हापुन्हा तपासायचं. पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष सुरू करायचं. ना मशीन लागतं, ना लाइट. आमच्यासारख्या ठिकाणी त्या नळीवरच सगळं चालतं.

नळी काचेचीच हवी. आधीच्या डॉक्टरांनी हे मला बजावून सांगितलं होतं. प्लॅस्टिकमध्ये निरोगी रक्तही गोठायला उशीर लावतं, वीस मिनिटांत गोठेलच असा भरवसा नाही. उन्हाळ्यात मात्र आम्हाला आल्या त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, रंगीत झाकणांच्या. काचेच्या डझनभरच उरल्या. मी त्या कुलपात ठेवल्या. वापरून झाली की नळी फेकायची नाही, असा नियम माझा मीच केला. गरम पाणी, साबणाची पावडर, बारीक ब्रश. मग तीनदा खंगाळायची, उन्हात फडक्यावर पालथी घालायची. वॉर्डातल्या मावशींनासुद्धा मी हे काम देत नव्हते.

हे वेड माझ्या माहेरचं आहे. आमच्या लहानपणी गावातल्या कुणी आमच्या घरचं पाणी घेतलंच तर आई आधी पेला राखेनं घासायची, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं. लोकांना नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून. ती म्हणायची, आपल्या भांड्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. मी नर्स झाले, मोठमोठ्या घरच्या बायकांची बाळंतपणं केली, पण भांडं घासताना अजूनही मला आईच्या नजरेचा धाक असतो. त्या नळ्या उजेडात धरल्या की चमकायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

तर त्या बाईचं रक्त मी नळीत घातलं, चिकटपट्टीवर नाव आणि वेळ लिहिली, नळी स्टँडमध्ये उभी केली. वीस मिनिटांनी डॉक्टर मॅडमनी ती आडवी केली. रक्त सरळ तोंडापर्यंत वाहत आलं.

या मॅडम नवीन होत्या. आधीच्या डॉक्टरांची बदली झाल्यावर तीन आठवड्यांपूर्वी नाशिककडून आल्या होत्या. बोलणं हळू, रागावणं माहीत नाही. माझ्या मनात त्यांना मी 'लेकरू' म्हणायची. त्यांनी नळीकडं पाहिलं, मग बाईकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "प्रतिविषाच्या दहा व्हायल काढा. औषध सोसलं नाही तर अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवा."

आमच्याकडं रिवाज असा की पहिल्या दहा व्हायल चढवायच्या आणि रुग्णाला १०८ बोलावून पुढं अकोल्याला पाठवायचं. पुढची चाचणी सहा तासांनी असते आणि तोवर रुग्ण आमच्या ताब्यात उरतच नाही. मॅडमना ते पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ही बाई बोलते आहे, प्रेशर चांगलं आहे, लघवी स्वच्छ आहे. आपण इथं करू शकतो ते इथंच करू." मला ते नवशिकं वाटलं. मी तोंड वाकडं केलं, पण कामाला लागले.

प्रतिविषाची पावडर असते. पाणी घालून ती हळूच गोल फिरवत विरघळवायची, खळखळा हलवायची नाही, फेस होतो. मी दहाही व्हायल सलाईनमध्ये घातल्या, थेंब हळू सुरू केले. दहा-बारा मिनिटांत बाई मान खाजवायला लागली. मी वाकून पाहिलं तर गळ्यावर, छातीवर गांधी उठल्या होत्या. मग खोकला, मग उलटी, मग ओठ सुजले. नाडी बारीक, प्रेशर झपाट्यानं खाली.

"बंद करा!" मॅडम ओरडल्या. त्यांचा आवाज तेव्हा मी पहिल्यांदा मोठा ऐकला. त्यांनी स्वतः मांडीत अ‍ॅड्रेनलिन दिलं, पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. ऑक्सिजन लावला, साधं सलाईन जोरात सोडलं. धावपळीत हातातली सुई निघाली, मी दुसऱ्या हाताला दुसरी लावली. बाईचे डोळे पांढरे झाले होते. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि एकसारखं म्हणत राहिला, "काय करून राह्यले तुमी तिले? काय करून राह्यले?"

घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध ते, काहींच्या अंगाला सोसत नाही. हे आम्हाला माहीत असतं. म्हणूनच साप चावला एवढ्यावर ते द्यायचं नसतं. विष भिनल्याचा पुरावा लागतो. पुरावा असला की मात्र धोका पत्करावाच लागतो. तासाभरानं ती सावरली. मॅडमनी उरलेलं प्रतिविष अगदी थेंबाथेंबानं पुन्हा सुरू केलं आणि स्वतः खाटेशेजारी स्टूल घेऊन बसल्या. ते पूर्ण गेलं. मी घाम पुसला. नवऱ्याला चहा पाजला आणि समजूत घातली, "भाऊ, रक्त गोठूनच नव्हतं राह्यलं. हे नसतं देल्लं तर आतल्या आत रक्त जाऊन बायको गेली असती तुही." तो हात जोडून ऐकत होता.

पुढची चाचणी सहा तासांनी का, तर प्रतिविष रक्त गोठवत नाही. ते फक्त विषाला बांधून ठेवतं. गोठवणारी द्रव्यं यकृतानं पुन्हा तयार करावी लागतात आणि त्याला तेवढा वेळ जातो. पाच वाजता मी पुन्हा दोन मिली रक्त घेतलं, तशीच स्वच्छ नळी काढली, तशीच चिकटपट्टी लावली. घेताना चार थेंब स्टीलच्या ट्रेमध्ये सांडले. वीस मिनिटांनी मॅडमनी नळी आडवी केली. रक्त पुन्हा वाहिलं.

मॅडमचा चेहरा उतरला. याचा अर्थ आणखी दहा व्हायल. सकाळी ज्या औषधानं बाई हातची चालली होती, तेच पुन्हा. दिलं तर कदाचित त्यानंच जाईल. न द्यावं तर नळी सांगत होती की आत अजून विष आहे. कधीही, कुठंही रक्त सुटेल.

नवऱ्यानं आमचं बोलणं ऐकलं. तो दारात आडवा उभा राहिला. "नाही म्हंजे नाही. थे औषध मी पुन्हा देऊ देनार नाही. थे पाहा ना, बसून चहा पिऊन राह्यली. कोठी आहे विख?"

"तू डॉक्टर हायेस काय बे?" मी त्याच्यावर खेकसले. "बाजूले हो."

मी ट्रे धुवायला उचलला. सवयीनं उरलेलं रक्त टाकायला सिरिंज दाबली तर दट्ट्या अडला. पुन्हा दाबला, तेव्हा काळपट लालसर गुठळीचा दोरा सुईच्या जागेतून बाहेर आला. ट्रे तिरपा केला. सांडलेले चारही थेंब जेलीसारखे जागच्या जागी बसले होते. मी बोट लावलं. थरथरले, वाहिले नाहीत.

तेच रक्त. तीच वेळ. ट्रेमध्ये गोठलं होतं, सिरिंजमध्ये गोठलं होतं. नळीत मात्र पाणी.

मी बाईजवळ गेले. सकाळी निघालेल्या सुईची जागा पाहिली. कापसाचा बोळा कधीच गळून पडला होता, छिद्र कोरडं. हिरड्या पाहिल्या, स्वच्छ. घोटा सकाळएवढाच. मी हे सगळं दुपारभर पाहतच होते. पण नळीनं एकदा सांगितल्यावर मी बाईकडं बघायचंच सोडलं होतं. मी ट्रे घेऊन मॅडमकडं गेले, त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी ट्रे तिरपा करून पाहिला. मग म्हणाल्या, "कंट्रोल लावू. निरोगी माणसाचं रक्त, याच नळीत. कोणाचं घ्यायचं?"

"माझं घ्या," मी बाही वर केली. "माझं तर रागानंच गोठेल."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला समोरच्या पॅथॉलॉजीत पाठवलं, काचेच्या न वापरलेल्या नळ्या आणायला. तो धावत गेला आणि तीन घेऊन आला, कागदात गुंडाळलेल्या. माझं रक्त एका धुतलेल्या नळीत आणि एका नव्या नळीत घातलं. बाईचं ताजं रक्त आणखी एका नव्या नळीत. तिन्ही टेबलावर ओळीनं उभ्या केल्या. मॅडमनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

ती वीस मिनिटं मी निर्धास्त होते, हे मला आज सांगायची लाज वाटते. मला वाटत होतं, बाईचंच काहीतरी वेगळं असेल. माझ्या नळीबद्दल मला काडीची शंका नव्हती. नवरा कोपऱ्यात उभा राहून नळ्यांकडं असा बघत होता की जणू त्या डोळ्यांदेखत पळून जातील.

मॅडमनी पहिली नळी उचलली. धुतलेली. माझ्या रक्ताची. हळूच आडवी केली आणि माझं रक्त वाहत तोंडापर्यंत आलं.

आधी मनात आलं, मला काय झालं? मला कधी साप चावला? खरंच असं आलं मनात. मग मॅडमनी दुसरी नळी आडवी केली. नवी. तीही माझ्याच रक्ताची. रक्त जागचं हललं नाही. त्यांनी ती पालथी केली, तरी नाही. तिसरी, बाईची. तीही घट्ट.

बाई खाटेवरून आमच्याकडं पाहत होती.

"सिस्टर," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "या नळ्या तुम्ही कशानं धुता?"

"साबणाच्या पावडरनं," मी म्हटलं. "गरम पाण्यात."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग समजावून सांगितलं. काचेच्या स्पर्शानंच रक्त गोठायला सुरुवात होते. साबणाचा अंश काचेवर बसला की तो स्पर्श होतच नाही, काच असून नसल्यासारखी. कितीही खंगाळलं तरी भरवसा नाही. म्हणून नळी नवी लागते, किंवा निदान साबण कधी न लागलेली. नळीवर शंका आली तर निरोगी माणसाचं रक्त सोबत लावून बघायचं. "पुस्तकात लिहिलंय हे. मीसुद्धा सकाळी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही. नळी इतकी स्वच्छ दिसत होती."

दुसऱ्या दहा व्हायल उघडल्या नाहीत. बाईला ठेवून घेतलं, समोरून आणलेल्या नळ्यांमध्ये पुन्हापुन्हा तपासलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. प्रत्येक वेळी गोठलं. ती चालत घरी गेली. सकाळी तिच्या अंगात खरंच विष होतं आणि पहिल्या दहानं ते उतरलं, की मुळात नव्हतंच, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. नवऱ्याला मॅडमनी सगळं खरं सांगितलं. तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "मी दारात उभा राह्यलो नसतो तर?"

ती घरी गेल्यावर मी सर्पदंशाचं रजिस्टर काढलं. मी नळ्या धुवायला लागले त्यानंतर, आषाढापासून सात जण आले होते. सातांच्याही पुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गोठले नाही. सातच्या सात. मागच्या वर्षांची पानं उलटली. तिथं दर दोन-तीन नोंदींमागं एखादं तरी 'गोठले' होतं, कारण चावणारे सगळे साप विषारी नसतात आणि विषारी चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. यंदा एकही नाही. आणि मी काय करत होते? प्रतिविषाचा साठा मागवताना फोनवर सांगत होते, यंदा आमच्याकडं सापांनी कहर केलाय. रजिस्टर समोर उघडं होतं, रोज माझ्याच हाताखालून जात होतं.

सातातली चौथी नोंद एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. मला ते लगेच आठवले. त्यांना चावल्यावर बायकोनं आधी गावातल्या जाणत्याकडं नेलं होतं, मंत्रानं विष उतरवायला, आणि अडीच तासांनी आमच्याकडं आणलं होतं. पायाला जराशी सूज, बाकी काही नाही. बोलत होते, मला 'पोरी' म्हणत होते. नळी वाहिली. प्रतिविष लावलं, पाव बाटलीही गेली नसेल, ते गुदमरले. औषधं दिली, १०८ आली, अकोल्याच्या वाटेवर ते गेले. कागदावर मरणाचं कारण साप चावून असंच लागलं.

आणि मी त्या दिवशी काय केलं होतं, तेही आठवलं. मी त्यांच्या बायकोवर ओरडले होते. भरल्या ओपीडीसमोर. "आता आनता व्हय? अडीच तास काय करत होता? मानूस मारून आनता आन आमच्या गळ्यात घालता!" ती पदर तोंडात धरून ऐकत होती.

मॅडमनी वरच्या साहेबांना सगळं लेखी कळवलं. नव्या नळ्या आल्या, एकदाच वापरायच्या, भिंतीवर तसा कागद लागला. मला नोटीस आली, मी उत्तर दिलं, काही लपवलं नाही. म्हाताऱ्यांचा विषय मी काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्यांचं नक्की काय झालं हे आता ठरवता येणार नाही, सिस्टर. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन काय सांगणार? चौकशी होऊ द्या." बरोबरच होतं त्यांचं. मी आठ दिवस तसंच काढलं. जेवण जाईना. सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढली आणि गेले.

म्हातारी ओट्यावर मूग निवडत बसली होती. तिनं मला ओळखलं आणि ती घाबरून उभी राहिली. मी पुन्हा ओरडायला आले असं तिला वाटलं असावं. मी तिला बसवलं, खाली तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. नळीचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, माझं रक्तसुद्धा त्या नळीत गोठलं नाही हे सांगितलं. प्रत्येक वाक्य दोनदा, तिला कळावं म्हणून. बाबांच्या अंगात विष होतं की नव्हतं ते कोणालाच माहीत नाही, कदाचित नव्हतंच, आणि कदाचित ते औषधानंच गेले, हेही सांगितलं. नळ्या मी धुतल्या होत्या, मी, हेही. मला वाटलं ती शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

तिनं मुगातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मग तिनं विचारलं, "म्हंजे बाई, माह्या उशिरानं नाही गेले थे?"

मी ओट्यावर सांडलेले मूग गोळा करायला लागले.

"तुमी म्हनल्या होत्या ना, मानूस मारून आनला म्हनून," ती म्हणाली. "माह्या मनानं थेच धरलं. पोरगं बी बोलत नाही मायाशी. दोन म्हैने झाले. मी आंधी तिकडं नेलं नसतं तर वाचले असते, असंच सारे म्हनून राह्यले. मी बी तेच म्हनून राह्यली."

खरं उत्तर मला ठाऊक होतं. खरं उत्तर हे होतं की सांगता येत नाही. विष असतंच, तर अडीच तासांनी फरक पडलाच असता. नसतं, तर तिच्या उशिराचा काही संबंध नव्हता आणि सगळा माझाच. ती माझ्याकडं डोळे लावून बसली होती.

"नाही, माय," मी म्हटलं. "तुमच्या उशिरानं नाही."

तिच्या तोंडातून एक हुंदका निघाला, आणि मग तिनं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. नळ्या कोणी धुतल्या हे मी तिला चांगलं दोनदा सांगितलं होतं. तरी तिनं तेच हात धरले, आणि मी ते सोडवून घेऊ शकले नाही.